या चुका टाळा: आयईएलटीएसच्या टास्क वनमधला ओव्हरव्ह्यू

आयईएलटीएस अकॅडेमिकच्या रायटिंगमध्ये पहिला प्रश्न टास्क वनचा असतो. एखादा आलेख, तक्ता किंवा नकाशा समोर येतो आणि त्याचं वर्णन किमान १५० शब्दांत लिहायचं असतं. त्यासाठी साधारण २० मिनिटं द्यावीत, असं प्रश्नपत्रिकाच सांगते. दादरला माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या वह्या मी गेली काही वर्षं तपासते आहे. बॅच बदलते, चुका तशाच राहतात. त्यातली सगळ्यात महागात पडणारी चूक व्याकरणाची नसते. आलेखात एकूण काय घडलं हे सांगणारा दोन-तीन वाक्यांचा परिच्छेद, म्हणजे ओव्हरव्ह्यू, एक तर नसतो किंवा असून नसल्यासारखा असतो.

परीक्षक कशावर गुण देतात, हे जाहीर आहे. टास्क वनला चार निकष असतात आणि त्यातला पहिला टास्क अचीव्हमेंटचा. त्यात बँड सातसाठी स्पष्ट ओव्हरव्ह्यू मागितलेला आहे. बँड पाचच्या वर्णनात 'तपशील बहुतांशी यांत्रिकपणे मांडले आहेत' अशा अर्थाचं लिहिलेलं आहे. हे ज्याने एकदा नीट वाचलं, तो आकड्यांच्या मागे धावायचं थांबतो. पण वाचतं कोण? सगळ्यांना 'बँड आठची वीस वाक्यं' हवी असतात.

क्लासमध्ये सरावाला मी एक काल्पनिक आलेख देते. एका शहरातले लोक कामाला कसे जातात, याच्या चार रेषा आहेत. १९९० मध्ये बसने ४५ टक्के, ट्रेनने ३०, चालत १५ आणि स्वतःच्या गाडीने १० टक्के लोक जात. २०२० मध्ये स्वतःची गाडी ३६ टक्क्यांवर, ट्रेन ३२ वर, बस २० वर आणि चालणारे १२ टक्के. मध्ये २००० आणि २०१० चेही आकडे आहेत, म्हणजे एकूण सोळा.

ठाण्याहून येणाऱ्या एका मुलाला मी हाच आलेख दिला होता. आयटीत नोकरी, परदेशी क्लायंटशी रोज इंग्रजीत बोलणं, लिसनिंगमध्ये उत्तम बँड, आणि रायटिंग सहावर अडकलेलं. त्याने भराभर लिहिलं. पहिला परिच्छेद बसचा: १९९० मध्ये इतके, २००० मध्ये इतके, २०१० मध्ये इतके, २०२० मध्ये इतके. मग ट्रेनचा, मग गाडीचा, मग चालणाऱ्यांचा, त्याच क्रमाने. लोकलमधली उद्घोषणा एकेक स्टेशन सांगत जाते, तसं. सोळाच्या सोळा आकडे बरोबर, स्पेलिंग निर्दोष, आणि शेवटी पाठ केलेलं एक वाक्य: 'ओव्हरऑल, इट इज क्लिअर दॅट देअर वेअर सिग्निफिकंट फ्लक्च्युएशन्स ओव्हर द पीरियड.'

मी त्याला म्हटलं, "हे वाक्य कुठल्याही आलेखाखाली बसेल. दुधाच्या उत्पादनाच्या, पर्यटकांच्या, कशाच्याही. मग याने या आलेखाबद्दल काय सांगितलं?" शिवाय ते चुकीचंही होतं. फ्लक्च्युएशन म्हणजे वर-खाली होणं. इथे बसची रेषा सरळ उतरत जाते आणि गाडीची सरळ चढते. वर-खाली होणारी रेषा या आलेखात एकही नाही.

मग त्याची वही मिटायला लावली आणि म्हटलं, "आईला सांगतोयस असं समज. मराठीत सांग, एकही आकडा न वापरता. त्या शहरात काय झालं?" तो थोडा थांबला आणि म्हणाला, "लोकांनी बस सोडली, स्वतःच्या गाड्या घेतल्या. ट्रेन आणि चालणारे होते तिथेच राहिले." झाला ओव्हरव्ह्यू. इंग्रजीत तो असा उतरला: 'ओव्हरऑल, द शेअर ऑफ बस ट्रॅव्हल फेल शार्पली, व्हाइल प्रायव्हेट व्हेईकल्स रोझ फ्रॉम द लीस्ट यूज्ड मोड टू द मोस्ट कॉमन वन. ट्रेन ट्रॅव्हल अँड वॉकिंग, बाय कॉन्ट्रास्ट, चेंज्ड व्हेरी लिटल.' तीसेक शब्द. चारही रेषा आल्या, सगळ्यात मोठा बदल आला, तुलना आली.

त्याचा प्रश्न होता, "मॅडम, एवढं साधं लिहिलं तर बँड कसा वाढेल?" हा प्रश्न मला सतत ऐकू येतो आणि दर वेळी त्रास होतो. या वाक्यांत 'शेअर', 'बाय कॉन्ट्रास्ट', 'लीस्ट यूज्ड' हे शब्द अचूक जागी बसलेत, आणि 'व्हाइल'ने दोन विरुद्ध बदल एकत्र बांधलेत. भारी शब्दांची यादी पाठ करून ते कुठेही टाकण्यापेक्षा हे कितीतरी अवघड काम आहे, आणि गुण त्याचेच मिळतात.

माझी स्वतःची सवय सांगते. आलेख समोर आला की मी त्याच्या मधल्या भागावर तळहात ठेवते. फक्त डावं टोक आणि उजवं टोक दिसू देते. रफ कागदावर दोन्ही टोकांचे क्रम लिहिते. इथे सुरुवातीला बस, ट्रेन, चालणं, गाडी आणि शेवटी गाडी, ट्रेन, बस, चालणं. कोण वर आलं, कोण खाली गेलं आणि कोण जागेवरून हललं नाही, ते लगेच दिसतं. ओव्हरव्ह्यू तेवढ्यातूनच लिहायचा. हात काढला की मधल्या गमती दिसतात. या आलेखात २०१० मध्ये ट्रेन ३१ टक्क्यांवर असते आणि बस आणि गाडी दोघीही २८ वर, म्हणजे त्या वर्षापुरती ट्रेन पहिली. बरीच मुलं हे बघून 'ट्रेन सगळ्यात लोकप्रिय झाली' असं ओव्हरव्ह्यूमध्ये टाकतात. ट्रेनची रेषा तीस वर्षांत जेमतेम ३० वरून ३२ वर गेलेली आहे. ती पहिली आली कारण बस तिच्याखाली उतरली होती आणि गाडी अजून तिच्यापर्यंत चढली नव्हती. हे पुढच्या तपशिलाच्या परिच्छेदात जरूर लिहा, तिथे ती चांगली तुलना ठरते. मुख्य प्रवाह म्हणून लिहू नका.

ही युक्ती एका ठिकाणी फसते. एखादी रेषा मधेच खूप उंच जाऊन परत मूळ जागी आली, तर दोन टोकांवरून ती स्थिर वाटेल. म्हणून हात काढल्यावर एकच गोष्ट तपासायची: सुरुवात आणि शेवट या दोन्हींपेक्षा फार वर किंवा फार खाली गेलेलं काही मध्ये आहे का? असेल, तर ते शिखर किंवा ती दरी ओव्हरव्ह्यूमध्ये आलीच पाहिजे.

दुसरी चूक मुंबईच्या मुलांची खास आहे, कारण प्रवासावर त्यांच्याकडे बोलण्यासारखं खूप असतं. याच आलेखावर डोंबिवलीच्या एका मुलीने लिहिलं होतं की बस वेळेवर येत नाहीत, ट्रॅफिकमध्ये अडकतात, आता कर्जावर गाडी सहज मिळते, म्हणून लोकांनी बस सोडली. इंग्रजी छान, मुद्दे खरे, आणि आलेखात त्यातलं एक अक्षर नाही. रोज पहाटेची गाडी पकडून येणाऱ्या मुलीला हे सुचणं स्वाभाविक आहे. पण प्रश्न ठळक गोष्टी निवडून मांडायला आणि गरज तिथे तुलना करायला सांगतो, कारणं विचारत नाही. मतं आणि कारणं टास्क टूसाठी ठेवा. टास्क टूला गुणही दुप्पट आहेत. मी तपासताना 'बिकॉज' आणि 'ड्यू टू' या शब्दांखाली रेघ मारते आणि विचारते, हे आलेखात कुठे दिसतं ते बोट ठेवून दाखव. बोट ठेवता आलं नाही तर ते वाक्य खोडायचं.

याच मुलीच्या वहीत आणखी एक वाक्य होतं, जे पटकन पकडता येत नाही: 'द नंबर ऑफ बस पॅसेंजर्स डिक्रीज्ड.' आलेख टक्क्यांचा आहे. बसचा वाटा घटला एवढंच त्यातून कळतं. दरम्यान शहराची लोकसंख्या तिपटीने वाढली असेल, तर २० टक्के म्हणजे पूर्वीच्या ४५ टक्क्यांपेक्षाही जास्त माणसं असू शकतात. म्हणून टक्क्यांच्या आलेखात 'शेअर' किंवा 'पर्सेंटेज' लिहायचं आणि माणसांचे आकडे दिले असतील तरच 'नंबर'. लिहायला बसण्याआधी उभ्या अक्षावर काय लिहिलंय ते वाचायला दहा सेकंद लागतात. घाई करणारी मुलं नेमकी तीच दहा सेकंदं वाचवतात.

४५ वरून २० वर आलं, तर घट २५ 'पर्सेंटेज पॉइंट्स'ची आहे. 'फेल बाय २५ पर्सेंट' लिहिलं तर अर्थ बदलतो, कारण मूळ ४५ च्या हिशेबाने घट जवळपास ५६ टक्के होते. हा हिशेब परीक्षेत नको असेल तर सरळ 'फेल फ्रॉम ४५ पर्सेंट टू २० पर्सेंट' लिहा, चूक होणारच नाही.

आलेखात एकच वर्ष असेल तर त्यात काही वाढत नाही आणि घटत नाही. पाच देशांचे पाच स्तंभ दिलेत आणि मूल लिहितं की चहाचा खप एका देशापासून दुसऱ्या देशापर्यंत 'इनक्रीज्ड'. तिथे 'हायर दॅन', 'द लोएस्ट' अशी तुलना हवी.

प्रश्नातलं वाक्य जसंच्या तसं उतरवू नका, ते शब्द मोजले जात नाहीत.

वर्षं मागची असतील तर साधा भूतकाळ, आणि तो शेवटपर्यंत.

ओव्हरव्ह्यू कुठे लिहायचा, यावर मुलं तावातावाने भांडतात. सुरुवातीच्या वाक्यानंतर चालतो, अगदी शेवटीही चालतो. मी सुरुवातीलाच लिहायला लावते, कारण शेवटासाठी ठेवलेला परिच्छेद वेळ संपला की राहून जातो. एकदा सुरुवातीला लिहिलात, तर शेवटी 'इन कन्क्लूजन' म्हणून तोच पुन्हा लिहू नका. उरलेल्या दोन मिनिटांत आलेख झाकून फक्त तुमचा ओव्हरव्ह्यू वाचा आणि त्यावरून रफ कागदावर रेषा काढून बघा. कोणती रेषा चढते, कोणती उतरते आणि कोणती आडवी जाते एवढं जरी त्यातून काढता आलं नाही, तर तो परिच्छेद वेळ असेतो दुरुस्त करा.