श्वासाच्या लाटा आणि वीस सेकंदांचा उशीर: स्लीप लॅबमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

मी पुण्यात इन्स्ट्रुमेंटेशन शिकले आणि नोकरी मात्र स्लीप लॅबमध्ये धरली. रात्रभर पेशंटला वायरी जोडून स्क्रीनकडे बघत बसायचं, सकाळी स्कोअरिंग करायचं. इथे नवीन येणारी मुलं बहुतेक रेस्पिरेटरी थेरपी किंवा कार्डिअ‍ॅक टेक्नॉलॉजीकडून येतात. त्यांना चेन-स्टोक्स श्वसन ओळखता येतं, पण ते का होतं विचारलं की उत्तर येतं, "हार्ट फेल्युअरमध्ये होतं." हे उत्तर नव्हे, हा पत्ता झाला. खरं उत्तर कंट्रोल सिस्टिमच्या तासाला शिकवतात, म्हणून ते लिहून ठेवतेय.

आधी चित्र डोळ्यांसमोर आणा. श्वास हळूहळू मोठा होत जातो, शिखर गाठतो, तसाच हळूहळू लहान होतो आणि थांबतो. काही सेकंद सगळं सपाट, मग पुन्हा चढण. डब्लिनच्या जॉन चेन यांनी हे १८१८ मध्ये एका पेशंटबद्दल लिहिलं, विल्यम स्टोक्स यांनी १८५४ मध्ये. हार्ट फेल्युअरमध्ये अशी एक फेरी साधारण ४५ ते ९० सेकंदांची असते. स्कोअरिंगच्या नियमात ४० सेकंदांची किमान मर्यादा आहे, ती उगाच ठेवलेली नाही. ते पुढे कळेल.

आता एक ट्रेस घेऊ. पेशंट चौसष्ट वर्षांचे काका, ईएफ २५ टक्के. काकू रात्री दोनदा बाहेर येऊन म्हणाल्या, "अहो मॅडम, यांचा श्वासच थांबतोय, बघा ना." घरी त्या रात्ररात्र जाग्या राहून त्यांना हलवत होत्या. ट्रेसवर फेरी ७२ सेकंदांची होती, त्यातले २८ सेकंद श्वास बंद आणि ४४ सेकंद चालू. छातीचा आणि पोटाचा पट्टा, दोन्ही बंद काळात सपाट. म्हणजे घसा मिटलेला नाही, मेंदूकडून हुकूमच येत नाहीये. घसा मिटला असता तर पट्टे हलत राहिले असते, बऱ्याचदा एकमेकांच्या उलट.

आता सॅच्युरेशनची रेघ बघा. श्वास बंद असताना ऑक्सिजन सर्वांत कमी असायला हवा असं वाटतं. पण काकांची रेघ तळाला गेली ती श्वास पुन्हा सुरू झाल्यावर ३२ सेकंदांनी, म्हणजे ते चांगले धापा टाकत असताना. नवीन मुलं इथे गोंधळतात आणि सेन्सर निसटला की काय ते बघायला उठतात. सेन्सर जागेवर असतो. बोटात आत्ता पोचलेलं रक्त फुप्फुसातून अर्ध्या मिनिटापूर्वी निघालेलं आहे, एवढाच त्याचा अर्थ. निरोगी माणसात हा प्रवास बराच कमी वेळात होतो. काकांचं हृदय रक्त हळू ढकलतं, म्हणून बातमी शिळी होऊन पोचते.

श्वासाचा कारभार याच शिळ्या बातमीवर चालतो. रक्तातला कार्बन डायऑक्साइड मोजणारी ठिकाणं फुप्फुसात नाहीत. एक मानेत, कॅरोटिड धमनीच्या फाट्यापाशी आहे, दुसरं मेंदूच्या देठात. मानेतलं ठिकाण चटकन उत्तर देतं, मेंदूतलं सावकाश. काकांच्या बाबतीत फुप्फुसापासून मानेपर्यंत रक्ताला १८ सेकंद लागतात असं धरू. बोटापेक्षा मान जवळ, शिवाय ऑक्सिमीटरही स्वतःचे काही सेकंद घेतो, म्हणून हा आकडा ३२ पेक्षा लहान.

श्वास बंद आहे तोवर फुप्फुसात कार्बन डायऑक्साइड साचतो. ते रक्त मानेत पोचलं की श्वास सुरू होतो आणि वाढत जातो. फुप्फुस धुऊन निघू लागतं, पण मानेत अजून १८ सेकंद जुनंच, साचलेलं रक्त येत राहतं. त्यामुळे फुप्फुसात कार्बन डायऑक्साइड योग्य पातळीला आला तरी हुकूम 'अजून जोरात' असाच असतो. पातळी गरजेपेक्षा खाली जाते. मग ते धुतलेलं रक्त मानेत येतं, हुकूम थांबतो, श्वास बंद. फुप्फुसात पुन्हा साचायला लागतं आणि त्याची खबर पुन्हा १८ सेकंदांनीच. दुरुस्ती दर वेळी योग्य दिशेनेच होते, फक्त ती मागच्या परिस्थितीची असते. उशीर पुरेसा वाढला की दुरुस्तीच पुढचा बिघाड घडवते.

फेरी किती लांब असेल याचा ढोबळ हिशोबही करता येतो. फुप्फुसातला साठा भरायला-उपसायला वेळ लागतो, त्यामुळे त्याची पातळी श्वासाच्या लाटेमागे पाव फेरीने चालते. उरलेला पाव फेरीचा विलंब रक्ताच्या प्रवासातून आला की बरोबर उलटी वेळ गाठली जाते. म्हणजे फेरी उशिराच्या चौपट: १८ चोक ७२. प्रत्यक्षात रक्त वाटेत मिसळतं, मेंदूतलं ठिकाण सावकाश चालतं, म्हणून हे प्रमाण चारावर अचूक बसत नाही. काकांचं बसलं कारण १८ हा आकडा मीच धरला होता. पण फेरीची लांबी रक्ताच्या प्रवासाच्या वेळेबरोबर वाढते-घटते, हे पक्कं आहे.

पुण्यातून हिमालयात ट्रेकला जाणारे खूप. लेहला पहिल्या रात्री तंबूतल्या जोडीदाराचा श्वास असाच लाटांनी येताना ऐकलेले बरेच भेटतील. तिथे फेरी जेमतेम २० सेकंदांच्या आसपास असते. हृदय धडधाकट, रक्त झटकन पोचतं, उशीर थोडा. पण विरळ हवेमुळे मानेतलं ठिकाण अतिसंवेदनशील झालेलं असतं. ४० सेकंदांची मर्यादा यासाठी आहे. आखूड फेरी दिसली तर रक्ताच्या गतीऐवजी दुसरं कारण शोधायचं.

यातून दुसरा मुद्दा निघतो आणि मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो. नुसता उशीर पुरत नाही. आर्थर गायटन यांच्या गटाने १९५६ मध्ये कुत्र्यांवर प्रयोग केला. हृदयापासून मेंदूकडे जाणाऱ्या रक्ताची वाट मुद्दाम लांबवली. चेन-स्टोक्स झालं, पण त्यासाठी उशीर हार्ट फेल्युअरमध्ये दिसतो त्याच्या कैक पटीने वाढवावा लागला. म्हणजे पेशंटमध्ये आणखी काहीतरी असतं. ते म्हणजे गेन: कार्बन डायऑक्साइड पाऱ्याच्या एका मिलिमीटरने वाढला तर श्वास मिनिटाला किती लिटरने वाढतो. या पेशंटांत हा प्रतिसाद अनेकदा फार तीव्र असतो. भर म्हणजे फुप्फुसात पाणी साठल्यावर तिथले जे-रिसेप्टर व्हेगस नसेतून श्वास वाढवायचा इशारा देत राहतात. हे रिसेप्टर दिल्लीच्या ऑतार सिंग पेंटल यांनी शोधले. त्यामुळे या मंडळींचा कार्बन डायऑक्साइड मुळात कमी असतो, आणि झोपेत श्वास ज्या पातळीला बंद पडतो ती पातळी अगदी दोन पावलांवर असते. जागेपणी नुसत्या जागृतीचाही एक रेटा असतो, म्हणून भागतं. झोप लागली की तो जातो. बहुतेक लाटा हलक्या झोपेत, एन-वन आणि एन-टूमध्ये दिसतात, ते यामुळेच. रेममध्ये त्या विरतात, कारण तिथे गेनच कमी असतो.

हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असेल तर पायथन टाकलेला कुठलाही लॅपटॉप पुरे. मायकेल मॅकी आणि लिऑन ग्लास यांनी १९७७ मध्ये असंच उशीर असलेलं समीकरण मांडलं होतं, त्याचा हा फार सोपा केलेला अवतार:

```python
S, delay = 6.0, 20
x = [41.0] * 60
for t in range(60, 960):
    v = max(0.0, 7 + S * (x[t-1-delay] - 40))
    x.append(x[t-1] + (6 - 0.02143 * x[t-1] * v) / 60)
    if t % 5 == 0:
        print(t, round(x[-1], 2), round(v, 1))
```

`x` म्हणजे कार्बन डायऑक्साइड, `v` म्हणजे मिनिटाला किती लिटर श्वास, `S` म्हणजे गेन, `delay` सेकंदांत. समतोल ४० आणि ७ वर आहे, आणि आपण सुरुवातीला एकाच मिलिमीटरचा धक्का दिलाय. असं चालवलं की `v` शून्याला टेकतो, वर येतो, पुन्हा टेकतो. फेरी साधारण ८० सेकंदांची. आता `delay` १० करा. दोन-चार हेलकावे आणि शांत. मग `delay` परत २० करून `S` नुसता २ ठेवा. तेही शांत. उशीर तोच, पण गेन कमी. हिशोबाने पाहिलं तर या नमुन्यात उशीर दुप्पट झाला की सहन होणारा गेन जवळपास निम्मा होतो. दोघांचा गुणाकार सांभाळायचा असतो.

कामाच्या दोन गोष्टी. ऑक्सिमीटरची सरासरी तीन सेकंदांपेक्षा जास्त ठेवू नका. वॉर्डातली यंत्रं बऱ्याचदा जास्त सरासरीवर लावलेली असतात. तसं यंत्र उचलून आणलं तर दऱ्या उथळ दिसतात आणि उशीर फुगतो. गार पडलेल्या बोटावरही वेळ भरवशाची मिळत नाही, पेशंटचा हात पांघरुणात घ्या. आणि जाग कुठे येते ते बघा. घसा मिटण्याच्या आजारात ती श्वास सुरू होण्याच्या क्षणी येते, चेन-स्टोक्समध्ये धापांच्या शिखरावर. पट्टे खराब लागले असतील तेव्हा या खुणेवर मी जास्त विसंबते.

उपचार ठरवणं आपलं काम नाही, तरी एक गोष्ट माहीत हवी, कारण नातेवाईक आपल्यालाच विचारतात, "ते मास्कचं मशीन नाही का लावता येणार?" लाटेच्या उलट हवा देऊन श्वास सपाट करणारं मशीन आहे, त्याला एएसव्ही म्हणतात. ट्रेस त्याने सुरेख होतो. पण २०१५ च्या सर्व्ह-एचएफ चाचणीत ईएफ ४५ टक्के किंवा कमी असलेल्या आणि मुख्यतः सेंट्रल अ‍ॅप्निया असलेल्या पेशंटांत या मशीनच्या गटात हृदयविकाराने मृत्यू वाढलेले आढळले. म्हणून अशा पेशंटला ते आपणहून सुचवू नका. आधी हृदयावरचेच उपचार नीट बसवतात. पाणी उतरलं की जे-रिसेप्टर शांत होतात, पंप सुधारला की रक्त लवकर पोचतं.

म्हणून रिपोर्टमध्ये अ‍ॅप्नियाच्या आकड्याशेजारी मी फेरीची सरासरी लांबी आणि पहिल्या श्वासापासून सॅच्युरेशनच्या तळापर्यंतचे सेकंदही लिहिते, कुणी मागितले नसले तरी. पाच-सहा स्वच्छ फेऱ्या निवडायच्या, त्या एकाच झोपेच्या पायरीतल्या आणि एकाच कुशीवरच्या असाव्यात. पुढची स्टडी होईल तेव्हा त्याच बोटावर, त्याच सरासरीवर मोजा. फेरी ७२ ची ६० वर आली आणि अ‍ॅप्नियाचा आकडा तेवढाच राहिला, तर रक्त लवकर पोचायला लागलंय, पण गेन अजून उतरलेला नाही असा अंदाज बांधता येतो, आणि कार्डिऑलॉजिस्टना त्याचा उपयोग होतो.