काल्याच्या कीर्तनाला रेकॉर्डर घेऊन जाताना

कीर्तनाच्या भाषेवर छोटा प्रकल्प करायचा म्हटलं की पहिली चूक निवडीत होते. मोबाइलवर हजारो कीर्तनं सापडतात, त्यांतली आवडलेली तीन घेतली जातात आणि काम सुरू होतं. पण एकात वैराग्याचा अभंग, दुसऱ्यात नामाचा, तिसऱ्यात पुण्यतिथीचं निमित्त. मग बोलण्यातला फरक वक्त्यामुळे पडला की विषयामुळे, हे सांगता येत नाही. शिवाय त्या चित्रफितींत टाळकऱ्यांनी गायलेल्या चाली कापलेल्या असतात आणि श्रोत्यांचा आवाज जवळजवळ नसतोच. म्हणून माझ्या यादीत पहिलं काम पंचांग उघडण्याचं. अखंड हरिनाम सप्ताहात रोजचा कीर्तनकार आपल्या मनाचा अभंग सेवेला घेतो, पण शेवटच्या दिवशी सकाळी काल्याचं कीर्तन असतं आणि तिथे कृष्णाच्या बाललीलांचाच अभंग घ्यावा लागतो. तीन गावांतली तीन काल्याची कीर्तनं घेतली की विषय आपोआप एक राहतो. मात्र रामनवमी-हनुमान जयंतीच्या सुमाराला अनेक सप्ताह एकाच वेळी संपतात आणि एका सकाळी दोन काले गाठता येत नाहीत. त्यामुळे तारखा दोन महिने आधी विचारून ठेवायच्या.

जायच्या आधी प्रश्न एका ओळीत लिहून खिशात ठेवायचा. माझा असा होता: कीर्तनकार स्वतःच्या नावाने कधी बोलतो, संतांच्या नावाने कधी, आणि हा बदल होताना समोरचे काय करतात? बास. ‘कीर्तनातील वक्तृत्व, अधिकार आणि श्रोते’ हे शीर्षक म्हणून शोभतं, त्यावर काम करता येत नाही.

परवानगी मागताना शब्द जपून वापरावे लागतात. ‘तुमच्या सत्तेचा अभ्यास’ म्हणालात तर समोरचा माणूस राजकारण समजेल आणि ते रास्तच आहे. ‘अधिकार’ म्हणालात तर त्याला भलताच अर्थ ऐकू येईल, कारण संप्रदायात अधिकार म्हणजे हुकूम करण्याची ताकद नव्हे, पात्रता. ‘त्यांचा अधिकार मोठा’ असं म्हणतात तेव्हा त्या माणसाची साधना, त्याचे गुरू, त्याचा फड, कदाचित आळंदीच्या वारकरी शिक्षण संस्थेत काढलेली चार वर्षं, हे सगळं त्या शब्दात असतं. (ही संस्था १९१७ साली विष्णुबुवा जोगांनी काढली. कीर्तनकाराची ओळख करून देताना तिचं नाव येतं का, तेही टिपून ठेवा.) मी सरळ सांगते की कीर्तनकार बोलतात कसे आणि लोक ऐकतात कसे, ते बघायचं आहे, ध्वनिमुद्रण कुणालाही देणार नाही आणि लिहिताना गावाचं व महाराजांचं नाव येणार नाही. हे सप्ताह समितीला वेगळं सांगायचं आणि कीर्तनकारांना वेगळं, तेही आदल्या दिवशी. ते व्यासपीठाकडे निघालेले असताना नव्हे. नाव बदललं तरी गाव, तिथी आणि आख्यान एकत्र आलं की जिल्ह्यातला कुणीही ओळखतो, म्हणून लिहिताना त्यातलं एक तरी गाळायचं.

यंत्रांची यादी छोटी, पण तिच्यावर सगळं अवलंबून. रेकॉर्डर दोन लागतात. एक साउंडवाल्याच्या मिक्सरला जोडायचा, त्यात कीर्तनकाराचा आवाज स्वच्छ येतो. दुसरा श्रोत्यांत ठेवायचा, शक्यतो बायकांच्या बाजूला, कारण पुरुषांच्या बाजूला स्पीकर जवळ असतो, निदान मी गेले त्या तिन्ही मंडपांत होता. पहिल्या वेळी मी फक्त मिक्सरवर भागवलं. घरी येऊन ऐकलं तर दोन तास एक माणूस रिकाम्या मंडपात बोलत होता. हशा नाही, ‘रामकृष्ण हरी’ नाही, टाळकऱ्यांचा हुंकार नाही. दुसऱ्या गावात श्रोत्यांमध्ये मोबाइल ठेवला, तर त्याने आवाजाची पातळी स्वतःच वरखाली केली. शांततेत पंख्याची घरघर मोठी झाली आणि मृदंग सुरू झाला की माणसं बुडाली. त्यामुळे आवाज आपोआप जुळवणारी सोय बंद करता येईल असाच रेकॉर्डर हवा. WAV मध्ये, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ असं मुद्रण केलं तर मिनिटाला साधारण १० एमबी लागतात, म्हणजे दोन तासांना सव्वा जीबी. कार्ड आणि बॅटरी दुप्पट न्या, गावातल्या विजेवर विसंबू नका. दोन्ही मुद्रणं नंतर जुळवायला सुरुवातीच्या भजनातला टाळाचा पहिला ठोका पुरतो.

मंडपात वेळेच्या अर्धा तास आधी पोचून बसण्याचा नकाशा काढायचा. इथे श्रोता एक नसतो. कीर्तनकाराच्या मागे आणि दोन्ही बाजूंना टाळकरी, मृदंगाचार्य, विणेकरी. समोर एकीकडे पुरुष, एकीकडे बाया. पुढच्या रांगेत खुर्चीवर देणगीदार आणि पुढारी. मागे महाप्रसादाच्या पंगतीची धावपळ करणारी पोरं. कीर्तनकार ‘बरोबर का महाराज?’ म्हणतो ते मागच्यांना, ‘माउलींनो’ म्हणतो ते समोर, आणि खरा टोला कधीकधी खुर्च्यांना असतो. मान कुठे वळली हे रेकॉर्डर सांगत नाही, ते वहीतच लिहावं लागतं. काल्याच्या दिवशी सत्कार आणि देणग्यांची नावंही होतात. ती कीर्तनाआधी, मध्येच की नंतर, आणि ती वाचताना विणा कुणाच्या गळ्यात होता, हे टिपा. कुणाला कुणाचं बोलणं थांबवता येतं, हे तिथे दिसतं.

घरी आल्यावर दोन तास उतरवायला बसू नका. आधी सगळं एकदा ऐकून खांब रोवायचे: सुरुवातीचं भजन, ‘रूप पाहता लोचनी’, सेवेचा अभंग, एकेका चरणाचं निरूपण, मधल्या चाली, काला. त्यातून वीसेक मिनिटं निवडायची आणि तेवढीच बारकाईने उतरवायची. मला एका मिनिटाला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. ध्वनिमुद्रणावर वेळेनुसार नोंदी करायच्या ELAN या संगणकप्रणालीत चार पट्ट्या करते: कीर्तनकार, टाळकरी, श्रोते, वाद्य. टाळकऱ्यांनी चाल उचलली की कीर्तनकार थांबतो, पण ती मध्येच तोडणी नव्हे. त्याला दम घ्यायला आणि लोकांना ओळ घोळवायला मिळालेली जागा आहे. तिला ‘व्यत्यय’ अशी खूण करणारा विद्यार्थी मी पाहिलाय, आणि तो मीच होते.

आता एक उतारा. हा मी नमुन्यासाठी रचला आहे, पण असं बोलणं काल्यात हमखास ऐकू येतं. कंसातले आकडे सेकंदांतल्या विरामाचे.

कीर्तनकार: गोकुळातलं लोणी मथुरेला जायचं (०.६) आणि गोकुळातली पोरं उपाशी.
कीर्तनकार: देवानं ते थांबवलं. (१.०) का थांबवलं महाराज?
टाळकरी: का?
कीर्तनकार: आणि आपण? (१.४) आपण दूध घालतो डेअरीला, अन् पोराला कोरा चहा.
श्रोते: (हशा, बायकांच्या बाजूने आधी, २.५)
कीर्तनकार: हे मी नाही म्हणत. प्रमाण ऐका.

पहिल्या दोन ओळींत कथा भूतकाळात आहे आणि दोषी मथुरा आहे. ‘आणि आपण?’ला काळ बदलतो, गाव बदलतं आणि दोषी समोर बसलेले होतात. तरी कुणी दुखावत नाही, कारण ‘तुम्ही’ म्हटलेलं नाही. मराठीत ‘आम्ही’ ऐकणाऱ्याला बाहेर ठेवतं आणि ‘आपण’ आत घेतं, त्यामुळे बोलणारा स्वतःलाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतो. निदान तसं दाखवतो. त्याच्या घरी गाय आहे का, हा वेगळा प्रश्न. १.४ सेकंदांचा विराम उत्तरासाठी नाही, आपलं काय चुकलं ते शोधायला आहे. मग हशा. आणि हशा ओसरताच ‘हे मी नाही म्हणत’, पाठोपाठ प्रमाण, म्हणजे आधाराला संतांची ओळ. फटका मारून झाल्यावर हात संतांच्या मागे लपवला जातो. मिक्सरच्या मुद्रणात यातल्या पाचव्या ओळीच्या जागी फक्त पोकळी होती असं समजा. मग सहावी ओळ का आली, हे कळलंच नसतं.

इथे अर्विंग गॉफमन हे समाजशास्त्रज्ञ उपयोगी पडतात. तोंडाने उच्चारणारा, शब्द जुळवणारा आणि त्या म्हणण्याची जबाबदारी घेणारा, असे बोलणाऱ्याचे तीन भाग त्यांनी पाडले. पण हे त्यांच्याकडूनच शिकायला हवं असं नाही. ‘आपुलिया बळें नाही मी बोलत । सखा भगवंत वाचा त्याची’ म्हणताना तुकोबा पुढे साळुंकीचा दाखला देतात: ती मंजुळ बोलते, पण शिकवणारा धनी वेगळाच. कीर्तनकार हीच साखळी एका कडीने वाढवतो. देव तुकोबांच्या तोंडून, तुकोबा माझ्या तोंडून. बोलणं आपलं नाही असं म्हणावं आणि त्याच म्हणण्याने बोलण्याला वजन यावं, हा उलटा व्यवहार तुमच्या वीस मिनिटांत किती वेळा आणि कशाच्या पाठोपाठ येतो, ते मोजा. माझ्या तिन्ही काल्यांत तो बहुधा टोल्यानंतर आला. कथा सांगताना फारसा नाहीच.

मोजताना ‘आपण’वर यंत्राने शोध लावू नका. ‘आपण बसा’मध्ये ते आदरार्थी ‘तुम्ही’ आहे, ‘त्यानं आपण होऊन दिलं’मध्ये ‘स्वतः’, आणि ‘आपण नाही भीत कुणाला’मध्ये चक्क ‘मी’. प्रत्येक ‘आपण’ ऐकून ठरवावा लागतो. मी एका आठवड्याच्या अंतराने दोनदा खुणा केल्या आणि न जुळलेल्या ‘आपण’ची वेगळी यादी केली. सगळ्यात मजेशीर मजकूर त्या यादीत निघाला.

प्रत्येक प्रमाण गाथेत शोधायचं. शासनाने १९५० साली छापलेली तुकोबांची गाथा हाताशी ठेवा, आणि कोणती प्रत वापरली ते लिहा, कारण प्रतींनुसार अभंगांचे क्रमांक आणि पाठ बदलतात. एखादी ओळ सापडलीच नाही तर ‘कीर्तनकार चुकले’ असं लिहू नका. तुकोबांच्या नावावर तोंडोतोंडी फिरणाऱ्या ओळी पुष्कळ आहेत. आपला प्रश्न ओळ खरी की खोटी हा नाही. ती तुकोबांची म्हणून कशी उभी केली, आणि लोकांनी पुढचे शब्द तिच्यासोबत म्हटले का, हा आहे.

शेवटचं काम त्याच दुपारी, महाप्रसादानंतर. पाच-सहा श्रोत्यांना हशा पिकलेला तुकडा ऐकवायचा आणि विचारायचं, हसू का आलं? मागच्या रांगेतली एक आजी मला म्हणाली, ‘महाराज डेअरीवाल्याकडं बघून बोलले ना.’ माझ्या वहीत मान वळल्याची नोंद नव्हती. हसणं म्हणजे पटणं असं मी तोवर धरून चालले होते. ती खूण खोडून ‘हशा, कारण अनिश्चित’ असं केलं, आणि पुढच्या गावी वही धरायला भाचीला सोबत नेलं.