फॉल्स कलरमध्ये लाल दिसलं नाही, तरी आकाश जळलं का?

कॅमेऱ्याला बाहेरचा मॉनिटर बसवणं, केबल लावणं यावर काही सांगत नाही, ते येतंच सगळ्यांना. फक्त कॅमेऱ्यातून एचडीएमआयवर जाणारे आकडे आणि आयकॉन बंद करा, ते रंगांच्या मधे येतात.

आता खरा घोळ. फॉल्स कलर म्हणजे चित्रातला उजेड किती आहे ते वेगवेगळ्या रंगांत दाखवणारी मॉनिटरची सोय, त्यात लाल म्हणजे जळलेला भाग. "फॉल्स कलर लाव आणि लाल दिसत नाही तोवर उघडत जा" हा सल्ला लॉगमध्ये, म्हणजे उजेड-सावलीचा जास्त तपशील राखणाऱ्या फिक्या चित्रात, शूट करणाऱ्याने अजिबात ऐकू नये. मी ऐकला होता. खिडकीजवळ मुलाखत होती, सोनीच्या एस-लॉग३ मध्ये, मॉनिटरवर कुठेच लाल नव्हतं म्हणून मी अॅपर्चर उघडत गेलो आणि एडिटला बसल्यावर कळलं की खिडकीबाहेरचं आकाश पूर्ण उडालंय, काहीच परत येत नाही.

कारण साधं आहे. फॉल्स कलर मॉनिटरकडे आलेल्या सिग्नलची पातळी मोजतो, आणि एस-लॉग३ १०० टक्क्यांपर्यंत पोचतच नाही, साधारण ९४ लाच संपतो. लाल रंग ९९-१०० ला ठेवलेला असेल तर तो येणार कधी? उलट काही मॉनिटर लट, म्हणजे फिक्या लॉगला नेहमीसारखे रंग देणारी सेटिंग, लावल्यानंतरचं चित्र मोजतात, तिथे लॉगमध्ये शाबूत असलेला भागही लाल दिसतो आणि माणूस घाबरून उगाच अंडर शूट करतो. आपला मॉनिटर यातला कुठला ते मेन्यू वाचून नाही, करून बघूनच कळतं.

असं बघा: लट बंद, उजेडाच्या पातळीचा आलेख म्हणजे वेव्हफॉर्म चालू, ज्या आयएसओवर शूट करणार तोच ठेवा. पेटलेल्या बल्बकडे कॅमेरा धरा आणि एकेक स्टॉप उघडत जा. रेषा वर सरकते, मग एका उंचीवर सपाट होऊन थांबते, तुम्ही कितीही उघडा. तो तुमचा खरा छत आहे. आकडा लिहून ठेवा, माझ्या सांगण्यावर ९४ धरू नका, कारण कॅमेरा आणि मॉनिटरची फुल-लिमिटेड रेंज जुळत नसेल तर तो वेगळा येतो. झेब्रा, म्हणजे ठरवलेल्या पातळीला पोचलेल्या भागावर उमटणारे पट्टे, त्याच्या दोन खाली लावा, म्हणजे ९४ आला तर ९२. आता लट चालू करून तोच बल्ब बघा, फॉल्स कलरचे रंग बदलले तर तुमचा मॉनिटर लटनंतर मोजतो, आणि मग एक्सपोजर ठरवताना लट बंदच ठेवायचा.

पुढचं सोपं. चेहऱ्याच्या जागी १८ टक्क्यांचं ग्रे कार्ड धरा, एस-लॉग३ मध्ये ते ४१ च्या आसपास यायला हवं. मी नॉइज कमी यावा म्हणून मुद्दाम एक स्टॉप वर, ४९ ला ठेवतो, पण खिडकीवर झेब्रा आला की लगेच खाली येतो. चेहरा नंतर उचलता येतो, उडालेली खिडकी नाही. चेहरा फारच अंधारात गेला तर त्याच्यावर लाइट वाढवा, अॅपर्चर नको.

आणि रेकॉर्ड दाबायच्या आधी फॉल्स कलर बंद करून फोकस बघा, त्या रंगांत फोकस गेलेला समजत नाही.