कला इतिहासाचा निबंध तपासताना गोष्टीला गुण देऊ नका: या चुका टाळा

‘वेरूळच्या कैलास मंदिरातल्या रावणानुग्रह शिल्पाचं रूप आणि संदर्भ यांच्या आधारे विश्लेषण करा’ असा प्रश्न दिला की गठ्ठ्यातले निम्म्याहून जास्त निबंध पुष्पक विमानानं सुरू होतात. रावण विमानातून चालला होता, कैलासापाशी विमान अडलं, नंदीनं हटकलं, रावण चिडला, त्यानं पर्वत उचलला, शिवानं अंगठा दाबला, रावण अडकला, त्यानं स्तोत्र गायलं, शिव प्रसन्न झाला. दीड पान भरतं. यात चूक काहीच नसते आणि प्रश्नाचं उत्तरही नसतं. मुलं असं का लिहितात हे मला समजतं, गोष्ट लहानपणापासून पाठ असते. पण तपासणारे शिक्षक त्याला वीसपैकी चौदा-पंधरा देतात, तेव्हा मात्र मला राग येतो, कारण पुढच्या वर्षीच्या मुलांना तोच निबंध ‘नमुना उत्तर’ म्हणून मिळतो.

ओघवती गोष्ट म्हणजे विश्लेषण समजणं

ही सगळ्यात मोठी चूक. ती चांगल्या शिक्षकांकडूनही होते, म्हणून हिच्यावर जरा थांबतो.

हाच प्रसंग वेरूळच्या २१ आणि २९ क्रमांकाच्या लेण्यांत कोरलेला आहे. घारापुरीलाही आहे, बराच फुटलेला. म्हणजे एकाच गोष्टीची निदान चार शिल्पं आपल्या जवळपास आहेत. निबंध तपासताना माझी पहिली सवय अशी: प्रत्येक परिच्छेद वाचून झाला की विचारायचं, हा मजकूर २९ क्रमांकाच्या लेण्यातल्या शिल्पाखाली जसाच्या तसा चिकटवला तर खोटा ठरेल का? खोटा ठरत नसेल, तर मुलानं कैलासातलं शिल्प पाहिलेलंच नाही. ‘शिवानं अंगठ्यानं पर्वत दाबला’ हे चारही ठिकाणी खरं आहे. ‘रावण एका खोल, काळोख्या पोकळीत आहे, जवळजवळ दगडापासून सुटा झालेला, आणि त्याचे पसरलेले हात त्या पोकळीच्या कडांना भिडतात’ हे वाक्य मात्र कैलासातच उभं राहतं. २९ क्रमांकाच्या लेण्यात आकृत्या भिंतीच्या पृष्ठभागाला बऱ्याच धरून आहेत, तिथे ही खोली नाही. गुण या दुसऱ्या वाक्याला.

एका महाविद्यालयात अंतर्गत गुणांची फेरतपासणी चालू होती, तेव्हाचा प्रसंग सांगतो. दोन निबंध माझ्यासमोर आले. पहिल्याला वीसपैकी सतरा होते. अक्षर सुरेख, भाषा ओघवती, शिवतांडव स्तोत्राची पहिली ओळही लिहिलेली. दुसऱ्याला आठ. शुद्धलेखनाच्या चुका भरपूर, निबंध जेमतेम पानभर. पण त्यात मजकूर असा होता: वर उजेड आहे, खाली काळोख आहे. रावणाचा जोर खालून वर चढतो, पण शिवापर्यंत पोचत नाही, पार्वतीपर्यंत पोचतो. पार्वती कललेली आहे आणि तिनं शिवाचा हात धरलाय. शिवाचं अंग हललेलं नाही. दासी पाठ करून आत पळते, म्हणून मागे अजून जागा आहे असं वाटतं.

तपासणारे सहकारी म्हणाले, “अहो सर, यानं गोष्ट तर धड सांगितलेली नाही. रावण का आला, तेही नाही.”

मी वाद घातला नाही. रेखाटन शिकवणाऱ्या बाईंना दोन्ही उत्तरपत्रिका दिल्या आणि म्हटलं, “बाई, फोटो न बघता, फक्त हे वाचून पेन्सिलनं ढोबळ मांडणी काढून द्या.” पहिल्या निबंधावरून बाईंनी एक डोंगर आणि त्याखाली दहा डोक्यांचा रावण काढला, आणि पुढे काय काढू म्हणून विचारलं. दुसऱ्यावरून त्यांनी चौकट आडवी दोन भागांत विभागली, खालचा भाग गडद केला, वर एक स्थिर आकृती, तिच्यावर रेललेली दुसरी, आणि कडेला पाठमोरी तिसरी काढली. मग आम्ही फोटो शेजारी ठेवला. सहकाऱ्यांनी स्वतःच दोन्ही निबंधांचे गुण बदलले.

तेव्हापासून वर्गातही हाच प्रयोग करतो. निबंधाची अदलाबदल करायची, समोरच्यानं फक्त मजकुरावरून रेखाटन करायचं. रेखाटन झालं नाही तर लिहिणाऱ्याला आपल्या निबंधात काय नाही ते लगेच दिसतं, मला काही बोलावं लागत नाही.

घाई असेल तेव्हा क्रियापदं अधोरेखित करतो. ‘आला, चिडला, उचलला, गायलं’ यांचा कर्ता रावण किंवा शिव असतो. ‘कोरलंय, खोल नेलंय, कललीय, झाकतं, पुढे येतं’ यांचा कर्ता शिल्पकार, दगड, आकृती किंवा सावली असते. पहिल्या प्रकारची क्रियापदं लाल, दुसऱ्या प्रकारची निळी. पान लाल दिसलं की पुढचं वाचायच्या आधीच अंदाज येतो.

गोष्ट पूर्ण हद्दपार करणं

वरचं ऐकून काही नवे शिक्षक उलट्या टोकाला जातात आणि कथेचा उल्लेख दिसला की गुण कापतात. तसं नका करू. पार्वती घाबरून बिलगली आहे हे समजायला कोण कोण आहे ते कळावंच लागतं, आणि अंगठ्याची गोष्ट माहीत नसेल तर शिवाच्या पायाकडे लक्षच जाणार नाही. दोन-तीन वाक्यांत प्रसंगाची ओळख पुरते. पण जे दगडात नाही त्याला गुण नाहीत. पुष्पक विमान या शिल्पात नाही. स्तोत्र नाही.

लय, तोल, एकात्मता: शब्द दिसले की गुण

माझी दुसरी चीड. कलेची मूलतत्त्वं पहिल्या वर्षी पाठ होतात आणि मग प्रत्येक निबंधात सडा पडतो. ‘या शिल्पात लय आहे. उत्तम तोल साधला आहे. विरोध आणि एकात्मता दिसते.’ तपासणारा गुणदानाच्या तक्त्यातले शब्द शोधत असतो, ते सापडतात, तो बरोबरची खूण करतो. झटपट गुण मिळवायच्या मार्गदर्शिकांनी हे फार वाढवलंय. मुलांना शिल्पासमोर अर्धा तास उभं करण्यापेक्षा आठ शब्द पाठ करून घेणं सोपं पडतं, आणि मला हा आळस मुळीच मान्य नाही.

माझी सवय सरळ आहे. असा प्रत्येक शब्द दिसला की समासात तीन प्रश्न लिहितो: कुठे, कशामुळे, त्यानं काय होतं. तिन्हीची उत्तरं निबंधातच असतील तर पूर्ण गुण, फक्त ‘कुठे’चं असेल तर थोडे, एकाचंही नसेल तर शून्य.

‘तोल’ हा शब्दच घेऊ. ‘शिल्पात तोल आहे’, शून्य. ‘खाली मध्यभागी रावण आणि वर शिव असा तोल आहे’, थोडे गुण, कारण जागा तरी सांगितली. आता हे पाहा: ‘खाली रावणाचे हात दोन्ही बाजूंना पसरल्यानं सगळा जोर बाहेर आणि वर ढकलला जातो. वर पार्वती कलते, दासी पळते, म्हणजे धक्का लागलाय हे दिसतं. पण शिवाची बैठक ढळत नाही, त्यामुळे डळमळणाऱ्या रचनेला तिथेच आधार मिळतो आणि अंगठ्याचा हलका दाब रावणाच्या सगळ्या हातांपेक्षा भारी वाटतो.’ इथे तोल हा शब्द आलाही नाही तरी मी पूर्ण गुण देतो. शब्द न वापरल्याबद्दल गुण कापणाऱ्यांशी माझं कधीच पटलेलं नाही.

‘उजवीकडे अमुक, डावीकडे तमुक’ अशी यादीही याच जातीची. यादी म्हणजे पाहण्याची सुरुवात, तिला एक-दोन गुण, त्यापुढे नाही.

संदर्भाचा परिच्छेद वेगळा ठेवला तरी चालवून घेणं

‘हे मंदिर राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात, आठव्या शतकात, बेसाल्टच्या एकाच कातळातून वरून खाली कोरलं.’ माहिती बरोबर. बहुतेक निबंधांत ती सुरुवातीला येते आणि पुन्हा तिचा शिल्पाशी संबंध येत नाही. अशा परिच्छेदाला मी फक्त माहितीचे दोन गुण देतो.

संदर्भानं शिल्पाचं वाचन बदलायला हवं. हे शिल्प मंदिराच्या दक्षिण अंगाला, मंडपाखालच्या भागात आहे. मंदिर स्वतःच कैलास. म्हणजे रावण ज्या पर्वताला हलवतोय तो शिल्पापुरता कोरलेला डोंगर नाही, डोक्यावरचं अख्खं मंदिरच आहे. शेजारी जोत्यावर हत्तींचा थर मंदिर पेलून उभा, आणि इथे त्याच पातळीवर एक जण ते उखडायला बघतोय. वरून खाली कोरत येणाऱ्या कारागिरांनी तळाशी एवढी खोल पोकळी काढली आणि वरचं वजन त्या काळोखावर तोललेलं दाखवलं. आता एकाच कातळाची माहिती उपयोगी पडली. बडोद्याला सापडलेल्या राष्ट्रकूट ताम्रपटात एलापूरच्या, म्हणजे वेरूळच्या, मंदिराचं वर्णन आहे, देवसुद्धा ते पाहून थक्क होतात आणि खुद्द ते घडवणाराही ‘हे माझ्याकडून कसं झालं’ म्हणून चकित होतो. एखाद्या मुलानं हा उल्लेख आणून रावणाच्या अफाट पण फसलेल्या जोराशी जोडून दाखवला, तर मी हात सैल सोडून गुण देतो. नुसता उतरवला असेल तर नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात

फ्लॅश मारलेला फोटो देऊन परीक्षा घेऊ नका. त्यात खालचा काळोख नाहीसा होतो आणि मग मुलानं ‘रावण आणि शिव सारखेच उठून दिसतात’ लिहिलं तर दोष तुमचा. ‘अप्रतिम, अद्वितीय, मनमोहक’ यांना गुण नाहीत. निबंधाची लांबी मोजू नका. शुद्धलेखनाचे गुण वेगळे ठेवा, ते निरीक्षणाच्या गुणांतून कापू नका. मुलाचं निरीक्षण तुमच्या टिपणवहीत नसेल तर आधी फोटो काढून बघा आणि मगच काट मारा.

वीस गुणांची माझी वाटणी अशी: प्रसंगाची ओळख तीन, रूप नऊ, संदर्भ पाच, मांडणी तीन. गोष्ट कितीही सुंदर सांगितली तरी तीनच्या वर जात नाही. हे मी निबंध द्यायच्या दिवशीच फळ्यावर लिहितो.

आणि समासात ‘विश्लेषण अपुरे’ असा शेरा लिहू नका, त्यातून मुलाला काहीच कळत नाही. शिल्पातलाच प्रश्न लिहा: ‘दासीची पाठ आपल्याकडे का?’, ‘रावणाच्या मागे किती खोल आहे?’, ‘शिवाचा कुठला पाय खाली आहे ते बघून ये.’