लोगो उमटण्याआधी: घाऊक भेटवस्तूंचं कोटेशन पाठवण्याची तयारी

कोरी बाटली कुणालाही विकता येते. तिच्यावर एखाद्या कंपनीचा लोगो उमटला की जगात तिला एकच गिऱ्हाईक उरतं, आणि त्याखाली कर्मचाऱ्याचं नाव कोरलं तर एकच माणूस. कंपन्यांना भेटवस्तू पुरवणाऱ्या छोट्या विक्रेत्याचं कोटेशन मी या एका क्षणाभोवती बांधतो. तो क्षण येण्याआधी काय लेखी हवं, किती पैसे खात्यात हवेत, आणि तो उलटल्यावर कोणते बदल पैसे घेऊनच करायचे, एवढं ठरलं की बाकीचं कोटेशन सरळ होतं.

उदाहरणासाठी एक चौकशी घेऊ. ३०० स्टीलच्या बाटल्या, प्रत्येकीवर कंपनीचा लोगो आणि कर्मचाऱ्याचं नाव, सोबत खोकं आणि कार्ड. २४० बाटल्या ऑफिसला, ६० घरून काम करणाऱ्यांच्या पत्त्यांवर. चौकशीत सहसा एवढंच असतं आणि शेवटी ‘बेस्ट रेट पाठवा’. लगेच दर कळवायचा मोह होतो. मी तो आवरतो आणि आधी फोन करतो.

फोनवर सगळ्यात आधी वाटपाची तारीख विचारतो. ‘माल कधी हवा’ असं विचारलं की उत्तर ‘लवकरात लवकर’ येतं, ‘कार्यक्रम कधी आहे’ असं विचारलं की खरी तारीख कळते. दुसरं, लोगोची फाइल कुठल्या स्वरूपात आहे. वेबसाइटवरून उचललेलं छोटं चित्र कोरायला चालत नाही, मोठं केलं की कडा फाटतात. `.svg`, `.cdr` किंवा रेषा शाबूत असलेली `.pdf` हवी. ती नसेल तर लोगो नव्याने काढून घ्यावा लागतो आणि त्याचा खर्च दरात धरावा लागतो. लोगो रंगीत असेल तर तेव्हाच सांगून टाकतो की रंगाचा थर असलेल्या बाटलीवर लेझर रंग भरत नाही, तो थर काढून आतलं स्टील उघडं करतो. चार रंगांचा लोगो तिथे एकाच चंदेरी रंगात दिसणार. रंग हवेच असतील तर छपाईची पद्धत बदलते, दरही बदलतो. तिसरा प्रश्न मान्यतेचा. नमुना बघून ‘हो’ म्हणणारी व्यक्ती कोण? चौकशी करणारी व्यक्ती आणि मान्यता देणारी व्यक्ती बहुतेक वेळा वेगळी असते, आणि उशीर त्या दोघांच्या मधेच होतो.

आता दर. कोऱ्या बाटलीची खरेदी १०० धरू, म्हणजे आकडे कुठल्याही मालाला लावता येतील. ती आपल्यापर्यंत आणायला ४. लोगो कोरायला १२, नावाला १०. खोकं आणि कार्ड मिळून २३. भरणावळ, म्हणजे पुसून, कार्ड घालून, खोकं बंद करून नावाच्या क्रमाने लावणं, ५. लोगोची फाइल बसवणं, मशीन लावणं, नमुना काढणं हा एकरकमी खर्च ६०० असेल तर ३०० नगांवर प्रत्येकी २. शेवटी वाया जाणारा माल: ३०० साठी ३०९ बाटल्या मागवतो, कारण काहींना पोचा असतो, एखादीवर लोगो तिरका जातो, एखादं नाव चुकतं. त्या ९ बाटल्यांचा आणि त्यांच्यावरच्या कोरणीचा भार नगामागे जवळपास ४ येतो. एकूण १६०.

इथे एक चूक मी स्वतः बराच काळ करत होतो. पंचवीस टक्के नफा हवा म्हणून १६० वर पंचवीस टक्के चढवून २०० सांगायचो. पण २०० च्या विक्रीत ४० म्हणजे वीसच टक्के उरतात. विक्रीवर पंचवीस टक्के हवे असतील तर १६० ला ०.७५ ने भागायचं, म्हणजे साधारण २१३. हा १३ चा फरक, घासाघीस सुरू झाली की नेमका तोच आधी जातो.

दर पाठवताना तो किती नगांसाठी आहे ते त्याच ओळीत लिहितो. ३०० चा दर मागून १२० ची ऑर्डर देणारे भेटतात. एकरकमी ६०० चा खर्च ५० नगांवर पसरला तर प्रत्येकी १२ होतो, आणि खोकेवालाही कमी संख्येला वेगळा भाव लावतो. म्हणून १००, ३०० आणि ५०० असे तीन टप्पे देऊन ‘अंतिम संख्या ज्या टप्प्यात बसेल तो दर’ असं लिहितो. कोटेशनची मुदतही लिहायची. कोऱ्या मालाचा भाव आपल्याला किती दिवस पक्का मिळाला आहे, त्याच्या पुढे आपली मुदत जाता कामा नये.

ॲडव्हान्स किती मागायचा हे लोक रिवाजाने ठरवतात, पन्नास टक्के. मी हिशेबाने ठरवतो. ऑर्डर मधेच रद्द झाली तर आपल्या गळ्यात काय पडेल? बाटली आणि वाहतूक १०४, जादा नगांचे ४, कंपनीचा लोगो छापलेलं खोकं आणि कार्ड २३, मशीन लावण्याचे २. बेरीज १३३, म्हणजे २१३ च्या बासष्ट टक्के. पन्नास टक्क्यांत १०६ च्या आसपास येतात आणि नगामागे २६-२७ आपल्या खिशातले अडकतात. ३०० नगांवर ते जवळपास ८० कोऱ्या बाटल्यांच्या किमतीएवढे होतात. म्हणून मी साठ टक्के मागतो आणि उरलेले माल निघण्याआधी. कंपनी म्हणाली की आमच्याकडे बिलानंतर तीस दिवसांनीच पैसे निघतात, तर लगेच नाही म्हणू नये, पण तीस दिवस कधीपासून ते नक्की विचारावं. बिलाच्या तारखेपासून, माल स्वीकारल्यापासून, की बिल त्यांच्या यंत्रणेत चढल्यापासून? शेवटचं असेल तर तीसचे पन्नास सहज होतात. पन्नास टक्के ॲडव्हान्स आणि उधारी असा मेळ असेल तर १६० पैकी ५३-५४ प्रत्येक नगामागे तेवढे दिवस बाहेर राहणार. ते झेपत नसेल तर ऑर्डर सोडलेली बरी. मी एकदा सोडली नाही, आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या मालासाठी उसने पैसे घेत फिरलो.

बिलाचं काम रटाळ, पण पैसे तिथेच अडकतात. कोटेशन पाठवतानाच बिलावर कंपनीचं नेमकं कायदेशीर नाव काय येणार, पत्ता कुठला, कर नोंदणी क्रमांक कोणता, आणि परचेस ऑर्डर निघणार का, हे मागून घेतो. ॲडव्हान्ससाठी प्रोफॉर्मा द्यायचा. ते पक्कं बिल नव्हे, आणि त्यावर तसं ठळक लिहिलेलं असावं. पक्कं बिल माल निघताना. परचेस ऑर्डरवर ‘स्टील बॉटल विथ लोगो’ आणि बिलावर ‘कस्टमाइज्ड गिफ्ट सेट’ असं असलं तरी हिशेब विभाग बिल परत पाठवतो, म्हणून वर्णन त्यांच्या ऑर्डरमधूनच शब्द न शब्द उचलतो. दर करासह आहे की कराविना, हे दराच्या शेजारी लिहायचं, खाली बारीक अक्षरात नको. पैसे देताना काही कंपन्या कर कापून घेतात, तेही आधी विचारून ठेवलं की खात्यात कमी रक्कम आल्यावर दचकायला होत नाही.

नावांची यादी हा या उदाहरणातला सगळ्यात नाजूक भाग. ती एकाच एक्सेल फाइलमध्ये मागतो: एका रकान्यात बाटलीवर जसं हवं तसं नाव, पुढे कर्मचारी क्रमांक आणि माल कुठे जाणार ते. क्रमांक यासाठी, की एकाच नावाची दोन माणसं असतात आणि आपण दुसरं नाव चुकून दोनदा आलं म्हणून काढून टाकतो. नावं मी कधीच हाताने पुन्हा टाइप करत नाही. देवनागरीत असतील तर आणखी एक गोष्ट: कोरणीच्या काही सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं सुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते. नावं दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आकृत्यांत रूपांतरित करून मगच मशीनकडे द्यायची, आणि पहिल्या नमुन्यासाठी जोडाक्षर आणि वेलांटी दोन्ही असलेलं नाव निवडायचं. कोटेशनमध्ये ओळ अशी असते: ‘मान्य केलेल्या यादीनुसार नावं कोरली जातील. त्यानंतर बदललेल्या वा वाढवलेल्या प्रत्येक नावाला पूर्ण नगाचा दर लागेल.’ आमच्याकडून चुकलं तर अर्थात आमच्या खर्चाने. हेही लिहितो, म्हणजे आधीची ओळ कुणाला आडमुठी वाटत नाही.

तारखेचं वचन ‘ऑर्डरपासून पंधरा दिवस’ असं देऊ नये. ॲडव्हान्स, अंतिम यादी आणि नमुन्याची लेखी मान्यता या तिन्हींत जे सगळ्यात शेवटी मिळेल तिथून दिवस मोजायचे. त्यासाठी नमुन्याची एक बाटली ॲडव्हान्स आल्याआल्या आपल्याकडच्या साठ्यातून करून दाखवायची. पुढे कोरा माल यायला पाच कामाचे दिवस. नगामागे दोन मिनिटं धरली तर ३०० नग कोरायला दहा तास, म्हणजे मशीन इतर कामांतही असतं हे धरून दोन दिवस. भरणावळ एक दिवस, वाहतूक दोन. दहा झाले, त्यावर दोन हातचे. बारा कामाचे दिवस कार्यक्रमाच्या तारखेतून मागे मोजून ‘मान्यता अमुक तारखेपर्यंत हवी’ असं कळवायचं.

पोचवणीत २४० चा गठ्ठा सोपा, फक्त माल खाली उतरवून कितव्या मजल्यावर न्यायचा ते विचारून ठेवावं. खरा खर्च त्या ६० घरांचा. कुरिअरवाले वजन आणि आकारमान यांतलं जे जास्त भरेल त्याचे पैसे घेतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बऱ्याच ठिकाणी ५००० ने भागतात. खोकं २८ × १० × १० असेल तर ०.५६ किलो येतात, आणि टप्पा अर्ध्या किलोचा असेल तर बिल एक किलोचं. तेच २६ × ९ × ९ केलं तर ०.४२, अर्ध्या किलोत बसतं, अर्थात भरलेल्या खोक्याचं वजनही त्यात बसत असेल तर. म्हणून खोक्याचं माप कुरिअरचा दर बघून पक्कं करतो, आणि घरपोच माल कोटेशनमध्ये स्वतंत्र ओळीत दाखवतो. पत्ता चुकीचा असल्यामुळे परत आलेल्या पार्सलचा दुसरा फेरा गिऱ्हाइकाच्या खर्चाने, हेही तिथेच.

मोडतोड वा कमी नगांची तक्रार माल मिळाल्यापासून तीन दिवसांत, बाहेरच्या खोक्याच्या फोटोसह, अशी अट घालतो, आणि चलनावर सही घेताना खोक्यांची संख्या अक्षरी लिहून घेतो. सगळं नीट पार पडलं तर जादा मागवलेल्या नऊपैकी चार-पाच बाटल्या लोगोसह उरतात. त्या विकता येत नाहीत आणि त्यांचे पैसे दरात आलेले असतात, म्हणून ‘उरलेले लोगोचे नग नावाविना, मोफत सोबत दिले जातील’ ही कोटेशनची शेवटची ओळ. पुढच्या महिन्यात रुजू होणाऱ्या माणसासाठी एक हवीये असा फोन आला, तर नाव कोरायला बाटली त्यांच्याकडेच असते.