बर्नुलीचं गणित: चुकलेलं उत्तरच सांगतं चूक कुठे झाली

पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना मी फ्लुइड मेकॅनिक्स शिकवतो. रुंदी बदलणाऱ्या पाइपाचं एक गणित दर वर्षी देतो आणि चुकीची उत्तरं दर वर्षी तीच येतात. आडव्या पाइपाचा व्यास 200 मिमीवरून हळूहळू 100 मिमी होतो. रुंद भागात पाण्याचा वेग 2 मी/से आणि गेज दाब 150 kPa आहे. अरुंद भागातला दाब काढा. घर्षण धरू नका.

बरोबर उत्तर 120 kPa. व्यास निम्मा झाला की क्षेत्रफळ पाव होतं, म्हणून सातत्य समीकरणानुसार वेग चौपट, म्हणजे 8 मी/से होतो. पाइप आडवा असल्याने उंचीची पदं उडतात:

p₂ = p₁ + ½ρ(v₁² − v₂²) = 150 − ½ × 1000 × (64 − 4) / 1000 = 150 − 30 = 120 kPa

शेवटी 1000 ने भागलंय ते पास्कलचे किलोपास्कल करायला. ते राहिलं तर 150 मधून 30,000 वजा होतात, आणि ही चूक लगेच दिसते. बाकीच्या चुका मात्र साळसूद दिसतात.

तुमचं उत्तर 144 आलं असेल, तर तुम्ही वेग चौपटऐवजी दुप्पट धरलाय. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर अवलंबून असतं, हे सगळ्यांना पाठ असतं. तरी घाईत 200 भागिले 100 करून मुलं पुढे जातात. बर्नुलीला हात लावण्याआधी v₂ वेगळ्या ओळीत लिहा आणि A₁v₁ = A₂v₂ पडताळून घ्या. इथे दोन्हीकडे सेकंदाला सुमारे 63 लिटर यायला हवेत.

180 आलं असेल, तर चिन्ह उलटलंय. ही चूक मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण ती गणिताची नाही, समजुतीची आहे. दसऱ्याला गाडी धुताना पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी जोरात उडतं, म्हणून 'अरुंद जागी दाब जास्त' असं मनात बसतं. पण अंगठ्याने पाण्याचा एकूण प्रवाहच कमी होतो. त्यामुळे लांब पाइपातलं घर्षण घटतं आणि अंगठ्याच्या मागे दाब वाढतो. तो दाब रुंद भागातला. फटीतून बाहेर पडलेल्या धारेत दाब वातावरणाएवढाच असतो, म्हणजे तिथेही रुंदीकडून अरुंदाकडे जाताना दाब उतरलेलाच असतो. पाण्याचा वेग वाढवायला मागचा दाब पुढच्यापेक्षा जास्त हवाच, नाहीतर त्याला पुढे ढकलणार कोण?

132 हे उत्तर हुशार मुलांच्या वहीत सापडतं. त्यांनी (v₂² − v₁²) ऐवजी (v₂ − v₁)² लिहिलेलं असतं: 60 च्या जागी 36. हे सूत्र त्यांनी हवेतून आणलेलं नसतं, ते अचानक रुंद होणाऱ्या पाइपातल्या ऊर्जाहानीचं आहे. आपलंच पाणी 120 kPa दाबाने आणि 8 मी/से वेगाने अरुंद भागातून एकदम 200 मिमीच्या पाइपात शिरलं, तर तिथे भोवरे उठतात आणि ½ × 1000 × 36, म्हणजे 18 kPa वाया जातात. बर्नुलीने परत मिळायला हवे होते 30, मिळतात फक्त 12. तिथला दाब खरोखरच 132 येतो! म्हणून प्रश्नात आधी पाहा: पाइप अरुंद होतोय की रुंद, हळूहळू की अचानक.

उत्तर ऋण आलं की मुलं घाबरून सगळं खोडतात. याच पाइपात सुरुवातीचा वेग 5 मी/से धरला, तर p₂ = −37.5 kPa येतं, आणि ते बरोबर आहे. दिलेला दाब गेज आहे, म्हणून शून्याचा अर्थ वातावरणाचा दाब. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंच असल्याने इथे तो 101 नाही, साधारण 95 kPa असतो. निरपेक्ष दाब 57.5 kPa उरतो.

वेग 6 केला तर मात्र −120 येतं, म्हणजे निरपेक्ष दाब उणे 25. वाहत्या पाण्यात असं होत नाही. 25 अंश तापमानाला दाब सुमारे 3 kPa पर्यंत उतरला की पाण्यात वाफेचे बुडबुडे धरू लागतात आणि घनता कायम असल्याचं बर्नुलीमागचं गृहीतकच मोडतं. अशा वेळी आकडेमोड बिनचूक असली, तरी उत्तरात दाब लिहू नका. 'या वेगाला कॅव्हिटेशन होईल, समीकरण लागू नाही' असं लिहा.