इंदूरला नव्यानं आलात? हिंदी अर्ज देण्याआधी ‘ने’ आणि ‘की’ तपासून घ्या

इंदूरला बोलण्यापुरती हिंदी महिन्याभरात जमते. भाजीवाल्याशी, रिक्षावाल्याशी आपण ‘मेरे को’ म्हटलं तरी चालतं, कारण इथले लोकही तसंच म्हणतात. अडचण येते ती लिहिताना. शाळेत, बँकेत, नगर निगमात अर्ज हिंदीत द्यावा लागतो, आणि तिथे ‘मेरे बेटी’ किंवा ‘मैं पत्र लिखी’ असं गेलं की वाचणारा आधी तिथेच अडखळतो, मुद्दा मागे पडतो. मी सांगलीहून इथे आले त्याला वीसहून जास्त वर्षं झाली. रामबागेत आमच्या आसपास नवीन मराठी घरं येतात, तेव्हा त्यांचे कागद बरेचदा माझ्याकडे येतात. त्यांत चुका जवळजवळ ठरलेल्या असतात, कारण त्या आपल्या मराठीतूनच येतात.

मागच्या महिन्यात वरच्या मजल्यावरची साताऱ्याची सून असाच एक कागद घेऊन आली. मुलीच्या घशाला त्रास आहे, प्रार्थनेला मोठ्यानं गायला लावू नये, एवढंच तिला शाळेला कळवायचं होतं. “काकू, बोलते मी नीट, पण लिहिताना हात थांबतो,” म्हणाली. तिनं लिहिलं होतं ते असं:

“मैं पिछले हफ़्ते आपको एक पत्र लिखी थी। उसमें मेरे बेटी के आवाज़ के तकलीफ़ के बारे में बताई थी। डॉक्टर साहब ने दवा दिये और रिपोर्ट लाने के लिए कहे। कल मैंने रिपोर्ट लाई, पर मैडम ने उसको देखी नहीं। मैडम बोली कि सोमवार को आइए।”

पहिलं वाक्य घेऊ. मराठीत ‘त्याने पत्र लिहिलं’ म्हणताना ‘ने’ लागतो, पण ‘मी पत्र लिहिलं’, ‘तू लिहिलंस’, ‘आम्ही लिहिलं’ यांत तो दिसत नाही. हिंदीत तो सगळ्यांना लागतो: मैंने, तूने, हमने, तुमने, आपने, उसने, उन्होंने. म्हणून आपल्या हातून ‘उसने’ बरोबर लिहिलं जातं आणि ‘मैं’, ‘हम’ मात्र उघडे राहतात. ‘मैं’ उघडा राहिला की आपण बाई आहोत म्हणून ‘लिखी’ असंही होऊन जातं. ‘मैंने’ केलं की क्रियापद माझ्याकडे न बघता पत्राकडे बघतं. पत्र हिंदीत पुल्लिंगी, म्हणून “मैंने आपको एक पत्र लिखा था”. चिट्ठी असती तर “मैंने चिट्ठी लिखी थी”, मग लिहिणारा पुरुष असला तरीही.

हा ‘ने’ फक्त क्रिया झाली, संपली तेव्हाच. “मैं लिखती थी”, “मैं लिख रही थी”, “मैं लिखूँगी” यांत तो येत नाही. मराठीतही ‘ती लिहीत होती’ असंच आहे, त्यामुळे इथे सहसा कोणी चुकत नाही.

आता ‘मेरे बेटी के आवाज़ के तकलीफ़’. ही चूक मला सर्वांत जास्त दिसते, आणि तिचं मूळ कळलं की ती सुटते. ‘माझी मुलगी’ म्हणताना लिंग दिसतं. पण पुढे काही जोडलं की मराठी ‘माझ्या मुलीला’, ‘माझ्या मुलाला’, ‘माझ्या घराला’ असं सगळ्यांना एकच रूप देते, ‘च्या’चंही तेच. त्या ‘माझ्या’ची जागा मनात ‘मेरे’ घेतो आणि ‘च्या’ची ‘के’. हिंदीत स्त्रीलिंगी शब्दामागचा ‘मेरी’ आणि ‘की’ कधीच बदलत नाही: मेरी बेटी, मेरी बेटी को, मेरी बेटी की. ‘मेरे’ आणि ‘के’ होतो तो फक्त पुल्लिंगी शब्दाच्या मागे: मेरे बेटे को, मेरे घर में. म्हणून अर्जातला प्रत्येक ‘के’ बोटानं दाबा आणि त्याच्या पुढचा शब्द बघा. मागचा नाही, पुढचा. आवाज़ स्त्रीलिंगी, तकलीफ़ स्त्रीलिंगी, म्हणून “बेटी की आवाज़ की तकलीफ़ के बारे में”. शेवटचा ‘के बारे में’ तसाच राहतो, तो ठरलेला जोड आहे. शिवाय वाक्याचा कर्ता मीच असल्यामुळे ‘मेरी’ऐवजी ‘अपनी बेटी’ हिंदीला जास्त बरं वाटतं. आणि ‘बताई थी’चं ‘बताया था’, कारण काय सांगितलं त्या वस्तूचं नाव वाक्यात नाही, नुसतं ‘के बारे में’ आहे. जुळवायला काहीच नसलं की हिंदी ‘आ’वर थांबते, मराठी जशी ‘सांगितलं’वर थांबते.

पण आवाज स्त्रीलिंगी हे आधी माहीत पाहिजे, आणि मराठीत तो पुल्लिंगी आहे. हिंदीत नपुंसकलिंग नाही. आपले बहुतेक नपुंसकलिंगी शब्द तिथे पुल्लिंगी होतात: घर, दूध, पानी, काम, नाम, पत्र. हे अंगवळणी पडलं की उलट जाणारे थोडे शब्द तेवढे लक्षात ठेवावे लागतात. ‘पुस्तक’ आणि ‘नाक’ आपल्याकडे नपुंसकलिंगी, हिंदीत स्त्रीलिंगी. ‘चहा’ पुल्लिंगी, ‘चाय’ स्त्रीलिंगी. संस्कृतातून आलेले काही इ-उ शेवटाचे शब्द तर रांगेनं फिरतात: मृत्यू, ऋतू, वायू, धातू, ध्वनी, विधी, निधी आपल्याकडे पुल्लिंगी आणि हिंदीत मृत्यु, ऋतु, वायु, धातु, ध्वनि, विधि, निधि सगळे स्त्रीलिंगी. आत्माही स्त्रीलिंगी. मृत्यूच्या दाखल्यासाठी अर्ज लिहिणाऱ्याला ‘पिताजी की मृत्यु हुई’ हे माहीत असावं. त्या वेळी चुका शोधत बसायची मनःस्थिती नसते.

शंका आली तर मी एक युक्ती वापरते. शब्दाचं अनेकवचन कुठे ऐकलंय का ते आठवते. शेवटी ‘एँ’ किंवा ‘याँ’ ऐकलं असेल तर शब्द स्त्रीलिंगीच: किताबें, आवाज़ें, दवाएँ, सड़कें, चिट्ठियाँ. ‘दो पत्र’, ‘चार घर’ असं न बदलता ऐकलं असेल तर बहुधा पुल्लिंगी. दुकानाच्या पाटीवरचं ‘दवाएँ’ वाचलं की ‘दवा दी’ हे वेगळं पाठ करावं लागत नाही. ‘दही’ आणि ‘पेन’सारख्या शब्दांबाबत हिंदीवाल्यांतही दोन्ही ऐकू येतं. तिथे शब्दकोशातलं ‘पुं.’ किंवा ‘स्त्री.’ बघा आणि पुढे जा.

डॉक्टरांच्या वाक्यात वेगळंच घडलं होतं. ‘दिये’ आणि ‘कहे’ हे आदरानं आले होते. आपण ‘डॉक्टर आले, डॉक्टर म्हणाले’ म्हणतो, म्हणून. पण ‘ने’ लागला की कर्त्याचा आदर क्रियापदात उतरत नाही. तो ‘साहब’मध्ये राहिला तेवढा पुरे. क्रियापद दवेकडे बघतं: “डॉक्टर साहब ने दवा दी और रिपोर्ट लाने के लिए कहा”. ‘म्हणणे’ आणि ‘शिकणे’ या दोन क्रियापदांना जपा. मराठीत ‘आई म्हणाली’, ‘ती हिंदी शिकली’ हे ‘ने’शिवाय येतं. हिंदीत “माँ ने कहा”, “उसने हिंदी सीखी”.

याच्या अगदी उलट ‘लाना’. मराठीत ‘त्याने रिपोर्ट आणला’, म्हणून आपण ‘मैंने रिपोर्ट लाई’ लिहितो, आणि एकदा ‘मैंने’ची सवय लागली की ही चूक जास्तच होते. हिंदीत लाना, ले जाना, भूलना, बोलना यांना ‘ने’ लागत नाही. त्याने रिपोर्ट नेला हे हिंदीत “वह रिपोर्ट ले गया”, ‘उसने ले गई’ नाही. सकना, चुकना, लगना मागे जोडलेले असले तरी ‘ने’ जातो: “मैं फ़ीस भर चुकी हूँ”, “मैं आ नहीं सकी”. अर्जात ही दोन वाक्यं फार येतात, म्हणून तशीच पाठ करून टाका.

मग ‘उसको देखी’. वस्तूलाच ‘को’ लागला की क्रियापद तिच्याकडेही बघत नाही, ‘आ’वर थांबतं. एकतर “मैडम ने रिपोर्ट नहीं देखी”, नाहीतर “मैडम ने उसे देखा नहीं”. मराठीतही ‘बाईंनी मुलीला पाहिलं’ असंच आहे, पण लिहिताना स्त्रीलिंग डोक्यात राहतं आणि ‘देखी’ होतं. इथे एक गोंधळ टाळा. पहिल्या वाक्यातला ‘आपको’ या नियमात येत नाही, कारण तो ज्याला पत्र लिहिलं त्याचा आहे, पत्राचा नाही. “मैंने आपको चिट्ठी भेजी” यात चिट्ठी मोकळी आहे, म्हणून ‘भेजी’.

राहिली “मैडम बोली”. बोलनाला ‘ने’ नाही, म्हणून इथे मात्र आदर क्रियापदात दिसायलाच हवा. मराठीत ‘म्हणाली’ आणि ‘म्हणाल्या’ यांत उघड फरक आहे, हिंदीत तो एका टिंबाचा: “मैडम बोलीं”. दोन क्रियापदं आली तर टिंब फक्त शेवटच्यावर, “मैडम आई थीं”. ‘आईं थीं’ लिहू नका.

एवढं करून कागद असा झाला:

“मैंने पिछले हफ़्ते आपको एक पत्र लिखा था। उसमें अपनी बेटी की आवाज़ की तकलीफ़ के बारे में बताया था। डॉक्टर साहब ने दवा दी और रिपोर्ट लाने के लिए कहा। कल मैं रिपोर्ट लाई, पर मैडम ने उसे देखा नहीं। मैडम बोलीं कि सोमवार को आइए।”

ती स्वच्छ प्रत करायला बसली, आणि मग आठवून म्हणाली, “काकू, सही तर यांची लागणार. शाळेत पालक म्हणून यांचंच नाव आहे. सगळं पुन्हा बदलू?” मी तिलाच वाक्यं वाचायला लावली. लिखा था, बताया था, दी, कहा, देखा ही सगळी तशीच राहिली, कारण ती लिहिणाऱ्याकडे बघतच नव्हती. बोलीं मॅडमचं. बदलला तो एकच शब्द, ‘लाई’चा ‘लाया’. तेव्हापासून कोणाचाही अर्ज तपासताना मी शेवटी सही बाईऐवजी बुवाची धरून तो एकदा वाचते. ‘ने’ असलेल्या वाक्यात क्रियापद बदलावंसं वाटलं, तर तिथे चूक आहे.